नोटिशीला उत्तर आलं नाही, आता ग्राहक आयोगाच्या तक्रारीत नेमकं काय लिहायचं?

1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारचं ई-जागृती हे संकेतस्थळ (e-jagriti.gov.in) सुरू झालं आणि ग्राहक आयोगात घरबसल्या तक्रार दाखल करणं आणखी सोपं झालं. वकील लावण्याची सक्ती तर आधीपासूनच नव्हती. त्यामुळे स्वतःची तक्रार स्वतः लिहिणारे लोक वाढलेत. त्यांचे मसुदे वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संताप दोन पानं भरून असतो, तारखा दोन ओळींत उरकलेल्या असतात आणि शेवटी ‘योग्य ती नुकसानभरपाई मिळावी’ एवढंच लिहिलेलं असतं. नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणजे आपली बाजू सिद्धच झाली, असा विश्वास त्यामागे असतो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली प्रकरणं हातची जातात.

आधी दोन-तीन शब्द पाहू. तक्रार करणारा तो तक्रारदार. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कुठे सामनेवाले म्हणतात, कुठे विरुद्ध पक्ष, तर कुठे जाबदेणार. या लेखात ‘सामनेवाले’ म्हणू. आणि आयोगाकडे आपण जे मागतो ती दाद. मसुद्यात ती ‘विनंती’ या शीर्षकाखाली शेवटी येते.

## गप्प राहिले म्हणजे कबूल केलं, असं नाही का?

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे लग्नाच्या बोलणीत ठीक आहे, आयोगापुढे नाही. नोटिशीला उत्तर न देणं हा स्वतंत्र कबुलीजबाब नसतो. तुमच्याकडे पुरावा असेल तर या मौनाने त्याला बळ मिळतं. ‘एवढा गंभीर आरोप लेखी कळवूनही त्यांनी तेव्हाच तो नाकारला नाही’ असा निष्कर्ष आयोग काढू शकतो. पण पुरावाच नसेल तर नुसत्या मौनावर काही उभं राहत नाही. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 सालीही पुन्हा स्पष्ट केलं आहे.

मग नोटिशीचा उपयोग काय? तिच्यामुळे सिद्ध होतं ते एवढंच, की सामनेवाल्यांना दोष कळवला होता, तो दुरुस्त करायची संधी दिली होती आणि ती त्यांनी घेतली नाही. तक्रारीत नोटिशीला एक परिच्छेद पुरतो. बाकीची तक्रार नोटीस पाठवण्यापूर्वी काय घडलं याची असते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये तक्रारीपूर्वी नोटीस द्यायलाच हवी अशी अट नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. नोटीस न देता गेलेल्याची तक्रार तेवढ्यावरून फेटाळली जाऊ नये. पण दिली असेल तर ती नीट दाखवायला हवी.

## एक उदाहरण घेऊ

समजण्यासाठी एक प्रसंग कल्पू. सांगलीतल्या एका शिक्षिकेने कोल्हापूरच्या एका कंत्राटदाराकडून मॉड्युलर किचन करायला घेतलं. कोटेशन 10 जून 2024 चं, एकूण 2,40,000 रुपयांचं. त्यात बाब क्रमांक 3 म्हणून लिहिलंय, ‘आयएस 710 मरीन प्लाय’. काम 31 ऑगस्टपर्यंत पूर्ण करायचं आणि शेवटचे 60,000 रुपये काम पूर्ण झाल्यावर द्यायचे. बाईंनी 12 जूनला 1,20,000 आणि 5 ऑगस्टला 60,000 असे 1,80,000 रुपये बँकेतून दिले. खालची कपाटं बसली, वरची आलीच नाहीत. 14 ऑक्टोबरला सिंकखालच्या दोन कपाटांची दारं खालच्या कडेला फुगलेली दिसली. 2 नोव्हेंबरला कंत्राटदाराचा माणूस आला, त्याने दोन्ही दारं आणि मागची फळी काढली आणि दारं घेऊन गेला. ती परत आली नाहीत. फळी मात्र घरीच राहिली. तिच्या लॅमिनेट न लावलेल्या बाजूवर शिक्का होता, ‘आयएस 303’. हे मानक सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचं, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं नव्हे. बाईंनी लगेच फोटो काढला. 15 जानेवारी 2025 ला नोटीस स्पीड पोस्टाने गेली, 18 तारखेला पोहोचली. पंधरा दिवसांची मुदत 2 फेब्रुवारीला संपली. उत्तर आलं नाही.

## वस्तुस्थिती लिहिताना डॉक्टर आठवा

नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ‘फार हाल चाललेत हो’ एवढंच सांगितलं तर ते काय करणार? ते विचारतात, ताप कधीपासून, किती, कोणती गोळी घेतली. आयोगाचे सदस्यही तुमच्या घरी आलेले नाहीत. त्यांच्यापुढे फक्त कागद असतो.

बाईंच्या पहिल्या मसुद्यात असं वाक्य असू शकतं: ‘सामनेवाल्यांनी गोड बोलून पैसे उकळले, अत्यंत निकृष्ट काम केले व वारंवार फोन करूनही उडवाउडवीची उत्तरे दिली.’ यातला प्रत्येक शब्द त्यांच्या दृष्टीने खरा आहे. पण सामनेवाल्यांच्या वकिलाला यावर एकच शब्द लिहावा लागतो: ‘नाकबूल’. कारण यात नाकारायला अवघड असं काही नाहीच.

आता हेच असं लिहून पाहा.

‘7. दि. 14 ऑक्टोबर 2024 रोजी सिंकखालील दोन कपाटांची दारे खालच्या कडेला फुगून बंद होईनाशी झाल्याचे तक्रारदारांना आढळले. त्याच दिवशी त्यांनी सामनेवाल्यांना व्हॉट्सअॅपवर छायाचित्रे पाठवली. (दस्त क्र. 5)

8. दि. 2 नोव्हेंबर 2024 रोजी सामनेवाल्यांच्या कामगाराने सदर दोन दारे काढून नेली. ती अद्याप परत केलेली नाहीत.

9. त्याच वेळी काढलेल्या मागील फळीच्या लॅमिनेट नसलेल्या बाजूवर आयएस 303 असा शिक्का आहे. (दस्त क्र. 6) कोटेशनमधील बाब क्र. 3 मध्ये आयएस 710 दर्जाचे मरीन प्लाय नमूद आहे. (दस्त क्र. 1) सदर फळी तक्रारदारांनी जपून ठेवली आहे.’

एका क्रमांकाखाली एकच घटना आहे, हे लक्षात आलं असेल. सामनेवाले लेखी जबाब देतात तो परिच्छेदागणिक. चार घटना एकाच परिच्छेदात कोंबल्या तर त्यांतली एक खोटी ठरवून ते चारही नाकारतात. सुट्या ठेवल्या तर त्यांना प्रत्येकीवर बोलावंच लागतं. ‘दारे फुगलीच नाहीत’ असं लिहायचं, तर त्यांना 14 ऑक्टोबरची व्हॉट्सअॅपवरची छायाचित्रंही खोटी ठरवावी लागतील.

नवव्या परिच्छेदातला संयमही पाहा. शिक्का एका फळीवर दिसला, म्हणून तेवढंच लिहिलंय. ‘सर्व प्लाय बनावट आहे’ असं लिहिलं असतं तर ते सिद्ध करण्याचं ओझं बाईंवर आलं असतं. बाकी फळ्यांचा दर्जा बघायचाच असेल, तर सामनेवाल्यांनी वाद घातल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते. कलम 38 मध्ये तशी सोय आहे. सुरुवातीचं शुल्क मात्र तक्रारदाराला भरावं लागतं. नमुना लागू शकतो, म्हणून फळी सांभाळून ठेवायची.

## ‘फसवणूक’ हा शब्द घालू नये का?

घालायचा मोह होतोच. पण आयोगाचं काम शपथपत्रं आणि कागद बघून झटपट निकाल देण्याचं. फसवणूक, खोट्या सह्या, कट अशा आरोपांनी तक्रार भरली, की समोरून हरकत येते, ‘यात सखोल साक्षीपुरावा लागेल, दिवाणी न्यायालयात जा.’ फसवणुकीचे गुंतागुंतीचे आणि तीव्र वादाचे मुद्दे आयोगाने ठरवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलंही आहे. आपण आपल्याच हाताने ही हरकत कशाला पुरवायची?

कायद्यात याहून नेमके शब्द आहेत. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे न करणं म्हणजे ‘सेवेतील त्रुटी’. माल अमुक दर्जाचा आहे असं खोटं सांगणं म्हणजे ‘अनुचित व्यापारी प्रथा’. बाईंच्या प्रकरणात वरची कपाटं न देणं हे पहिल्यात बसतं, 710 सांगून 303 लावणं हे दुसऱ्यात. घटना सांगून झाल्यावर एका परिच्छेदात हे दोन शब्द वापरले की पुरे.

## आपल्याविरुद्ध जाणारी गोष्टही आपणच सांगायची?

होय, आणि आधीच. बाईंनी शेवटचे 60,000 रुपये दिलेले नाहीत. त्या हे लिहिणार नसतील तर सामनेवाल्यांच्या जबाबात पहिली ओळ हीच असेल: ‘तक्रारदारांनी पैसे थकवले म्हणून काम थांबले.’ मग आयोगाला वाटणार, बाईंनी लपवलं. त्याऐवजी बाईंनीच लिहावं: ‘कोटेशननुसार उर्वरित रु. 60,000 काम पूर्ण झाल्यावर देय होते. काम पूर्ण न झाल्याने ते देय झालेले नाहीत.’ दोन वाक्यांत समोरच्याचा सर्वांत मोठा बचाव निघून गेला.

## नोटिशीचा परिच्छेद

आता तो एक परिच्छेद. त्यात पाठवल्याची तारीख, मार्ग, पत्ता, पोहोचल्याची तारीख, दिलेली मुदत आणि आजवरचं मौन, एवढं यावं. ‘तक्रारदारांनी दि. 15 जानेवारी 2025 रोजी सामनेवाल्यांच्या कोटेशनवरील पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. ती दि. 18 जानेवारी 2025 रोजी बजावली गेली. नोटिशीतील 15 दिवसांची मुदत दि. 2 फेब्रुवारी 2025 रोजी संपली. सामनेवाल्यांनी आजतागायत उत्तर दिलेले नाही वा पूर्तता केलेली नाही. (दस्त क्र. 8 ते 10)’ सोबत नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा छापील अहवाल जोडायचा. ट्रॅकिंगची माहिती संकेतस्थळावर कायम राहत नाही, म्हणून लिफाफा पोहोचल्याबरोबर छापून ठेवा.

लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आला असेल तर तो फोडू नका, तसाच दाखल करा. योग्य पत्त्यावर, तिकीट लावून नोंदणी टपालाने पाठवलेलं पत्र पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो, आणि नकार ही तर पोहोचल्याचीच खूण मानली जाते. पण ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ‘नोटीस मिळूनही उत्तर दिले नाही’ असं लिहिणं खोटं ठरेल. खरं ते लिहा, नवा पत्ता शोधा आणि तक्रारीत दोन्ही पत्ते द्या. कंत्राटदाराच्या दुकानाला नाव असलं तरी एकाच मालकाचा धंदा असेल, तर त्या मालकाचं नाव तक्रारीत घालायला विसरू नका.

नोटीस आणि तक्रार शेजारी ठेवून एकदा वाचा. नोटिशीत दारं ‘ऑक्टोबर अखेरीस’ फुगली आणि तक्रारीत ‘14 ऑक्टोबरला’, अशी तफावत समोरचा वकील हमखास काढतो. नोटीस घाईत लिहिलेली असेल आणि तारीख चुकली असेल, तर तक्रारीतच सांगा की नोटिशीत ती अनवधानाने चुकली. मागणीची रक्कम बदलली असेल तर का बदलली, तेही लिहा.

## दोन वर्षांची मुदत नोटिशीपासून मोजायची ना?

नाही. ही चूक फार महागात पडते. तक्रार करायचं कारण ज्या दिवशी घडलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत वादकारण उद्भवलं, त्या दिवसापासून दोन वर्षं. कलम 69 मध्ये तसं आहे. नोटीस पाठवल्याने ते घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. बाईंनी काम पूर्ण करायची ठरलेली तारीख, 31 ऑगस्ट 2024, धरून मोजावं. दारं 14 ऑक्टोबरला फुगली, पण जी तारीख आधीची ती धरण्यातच सुरक्षितता. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि त्यात सबळ कारण द्यावं लागतं.

## दाद मागताना वाण्याची यादी आठवा

‘घरात काही नाही, काहीतरी पाठवून द्या’ असं सांगितलं तर वाणी काय पाठवेल? यादीत दोन किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळ असं लागतं. विनंतीतही तसंच. आणि यादीतल्या प्रत्येक रकमेचं मूळ वस्तुस्थितीच्या एखाद्या परिच्छेदात सापडलं पाहिजे.

बाईंचं नुकसान किती? पटकन उत्तर येतं, ‘दिलेले 1,80,000.’ पण खालची कपाटं निम्मीअर्धी का होईना वापरात आहेत, ती ठेवून सगळे पैसे परत मागता येणार नाहीत. म्हणून त्यांनी दुसऱ्या सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घेतलं. खालची कपाटं आयएस 710 प्लायमध्ये नव्याने करायला 95,000 आणि वरची करायला 85,000, मिळून 1,80,000 रुपये. आता कंत्राटदाराने काम नीट पुरं केलं असतं तरी बाईंना 60,000 द्यावेच लागले असते. ते वजा करायचे. खरं नुकसान 1,20,000 रुपये. ही वजाबाकी तक्रारदाराने स्वतः करून दाखवली की आकड्यावर विश्वास बसतो.

त्यांची विनंती अशी लिहिता येईल.

‘(अ) सामनेवाल्यांनी सेवेत त्रुटी केली व अनुचित व्यापारी प्रथेचा अवलंब केला असे जाहीर व्हावे.

(आ) सामनेवाल्यांनी तक्रारदारांना रु. 1,20,000 व त्यावर तक्रार दाखल केल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याज द्यावे. अथवा, बसवलेले सर्व साहित्य स्वखर्चाने काढून नेऊन रु. 1,80,000, रकमा स्वीकारल्याच्या तारखांपासून त्याच दराने व्याजासह, परत करावेत.

(इ) काम अपुरे राहिल्याने भांडी ठेवण्यासाठी घ्याव्या लागलेल्या लोखंडी मांडणीचा खर्च रु. 6,500 द्यावा.

(ई) शारीरिक व मानसिक त्रासापोटी रु. 25,000 द्यावेत.

(उ) नोटिशीच्या खर्चासह तक्रारखर्चापोटी रु. 15,000 द्यावेत.

(ऊ) वरील आदेशाची पूर्तता 45 दिवसांत करावी.

(ए) न्यायोचित वाटेल तो अन्य आदेश व्हावा.’

(आ) मधला ‘अथवा’ हा या विनंतीचा कणा आहे. दुरुस्तीचा खर्चही द्या आणि पूर्ण पैसेही परत द्या, असं दोन्ही मागितलं तर एकाच नुकसानीची दोनदा भरपाई मागितल्यासारखं होतं. पर्याय म्हणून मागितलं तर आयोगाला निवडायला वाव राहतो. 9 टक्के हा दर कायद्यात ठरलेला नाही, पण आदेशांत त्याच्या आसपासचे दर नेहमी दिसतात. शेवटचं (ए) सगळेच लिहितात आणि लिहावंही. पण आधीच्या ओळींत जे मागायचं राहिलं ते त्या एका ओळीतून मिळेल, या भरवशावर राहू नये.

## जास्त मागितलं तर निदान निम्मं तरी मिळेल?

बाजारातल्या घासाघिशीचा हा हिशेब इथे चालत नाही. नुकसानभरपाई ही झालेल्या हानीशी जुळली पाहिजे, सरसकट एकच दर लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं. किचनच्या कामात मानसिक त्रासाचे दहा लाख मागितले की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

मानसिक त्रास कसा दाखवायचा, असं मला नेहमी विचारलं जातं. विशेषणांनी नाही. बाईंकडे कंत्राटदाराचे ‘उद्या सकाळी येतो’ असे तीन संदेश आहेत, तीन वेगळ्या तारखांचे. त्या तिन्ही दिवशी त्यांनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि रजेच्या नोंदी शाळेत आहेत. कोणी आलं नाही. सप्टेंबरपासून भांडी हॉलमध्ये जमिनीवर होती, म्हणून डिसेंबरात 6,500 रुपयांची लोखंडी मांडणी घ्यावी लागली, तिचं बिल आहे. हे चार कागद ‘असह्य मनस्ताप’ या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. व्हॉट्सअॅपचे संदेश छापून जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्रही सोबत द्यावं, म्हणजे त्यावर हरकत उरत नाही.

रक्कम फुगवून वरच्या आयोगात जाता येतं, हाही जुना समज आहे. 2019 च्या कायद्यापासून आयोग ठरतो तो दिलेल्या मोबदल्यावरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये वैध ठरवली. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. बाईंनी दिले 1,80,000, तेव्हा जिल्हा आयोगच, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्कही नाही. कंत्राटदार कोल्हापूरचा असला तरी त्या सांगलीत राहतात म्हणून सांगलीच्या आयोगात जाऊ शकतात. ही तीनही वाक्यं तक्रारीत ‘अधिकारक्षेत्र’ म्हणून यायला हवीत, नाहीतर दाखल होतानाच त्रुटी निघते.

## आयोगाच्या नोटिशीलाही ते आले नाहीत तर?

जो तुमच्या नोटिशीला गप्प राहिला तो आयोगापुढेही गप्प राहण्याची शक्यता असतेच. तक्रारीची प्रत मिळाल्यावर लेखी जबाबासाठी त्यांना 30 दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी 15 देऊ शकतो. 45 दिवसांपुढे वाढ देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. मग प्रकरण एकतर्फी चालतं. पण एकतर्फी म्हणजे आपोआप जिंकलं असं नाही. तेव्हाही आयोग तुमचं शपथपत्र आणि कागदच वाचतो. सातव्या परिच्छेदातली 14 ऑक्टोबर, नवव्यातला शिक्का, अंदाजपत्रकातली वजाबाकी याच वेळी कामी येते, कारण ते नाकारणारं समोर कोणी नसतं आणि आयोगाला आदेशात तेच आकडे जसेच्या तसे उतरवता येतात.

आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर कलम 71 खाली वसुलीचा आणि कलम 72 खाली दंड वा कैदेचा अर्ज करता येतो. तेव्हा पहिला प्रश्न असतो, पूर्तता किती दिवसांत करायची होती. विनंतीतल्या (ऊ) मध्ये 45 दिवस लिहिले होते ते यासाठी.